वय किती? दिवसांत, तासांत आणि हृदयाच्या ठोक्यांत: शालेय विज्ञान उपक्रमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण ९ ते १३ वर्षांच्या मुलांसोबत हा उपक्रम करताना शिक्षक, पालक आणि खुद्द मुलं जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलंय: १४ ऑगस्ट २०१४ रोजी सकाळी ६:४० वाजता जन्मलेली एक मुलगी. वर्गात उपक्रम झाला १० मार्च २०२६ रोजी, आणि गणित करताना घड्याळात ११:१० वाजले होते. तुमच्या वर्गातल्या तारखा अर्थात वेगळ्या असतील, पायऱ्या त्याच.

यात नक्की करायचं काय? साहित्य काय लागतं?

मुलांनी आपलं वय आधी दिवसांत काढायचं, मग तासांत आणि शेवटी आजवर हृदयाचे किती ठोके पडले असतील ते. कागद, पेन्सिल, सेकंदकाटा असलेलं घड्याळ आणि एक कॅलेंडर, बस्स. दोन तासिका हव्यात. एका तासिकेत उरकायला गेलात तर ठोक्यांचा भाग घाईत जातो, आणि खरी गंमत तिथेच आहे.

तिन्ही उत्तरं एका जातीची नाहीत, हे शिक्षकांनी आधीपासून मनात ठेवावं. दिवस मोजून काढता येतात, तिथे एकच उत्तर बरोबर असतं. तासही जवळपास तसेच, जन्मवेळ माहीत असली की झालं. ठोके मात्र कोणी मोजलेले नाहीत. तिथे अंदाज करायचा, आणि तो कितपत भरवशाचा आहे हेही सांगायचं.

वयाच्या वर्षांना ३६५ ने गुणलं की दिवस येतात ना?

जवळपास येतात, बरोबर येत नाहीत. दोन गोष्टी सुटतात: लीप वर्षांचे जादा दिवस आणि शेवटच्या वाढदिवसानंतरचे दिवस. म्हणून काम दोन तुकड्यांत करायचं.

पहिला तुकडा शेवटच्या वाढदिवसापर्यंतचा. आपल्या उदाहरणात १४ ऑगस्ट २०१४ ते १४ ऑगस्ट २०२५ अशी ११ पूर्ण वर्षं झाली. ११ × ३६५ = ४,०१५. या काळात २९ फेब्रुवारी तीनदा आली, २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये. तीन दिवस मिळवून ४,०१८.

दुसरा तुकडा वाढदिवसापासून आजपर्यंतचा. ऑगस्टचे उरलेले १७, मग सप्टेंबर ३०, ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८ आणि मार्चचे १०. बेरीज २०८. दोन्ही तुकडे मिळून ४,२२६ दिवस.

लीप दिवस मोजताना मुलं हमखास एक चूक करतात. जन्मवर्ष लीप असेल तर तो दिवस सरळ धरून टाकतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये जन्मलेल्या मुलाच्या वाट्याला २०१६ ची २९ फेब्रुवारी आलेलीच नसते. म्हणून लीप वर्षं नव्हे, तर त्या मुलाच्या आयुष्यात आलेल्या २९ फेब्रुवारी मोजायला सांगावं. याच कारणानं ११व्या वाढदिवसाला कोणाचे ४,०१८ दिवस भरतात, तर कोणाचे ४,०१७. १३ जानेवारी २०१३ ला जन्मलेल्या मुलाच्या पहिल्या ११ वर्षांत २९ फेब्रुवारी दोनदाच येते. वर्गात दोन मुलांची उत्तरं अशी एकानं वेगळी आली की बाकीच्यांना कारण शोधायला लावावं.

जन्माचा दिवस धरायचा की नाही?

याच प्रश्नावर वर्गात सगळ्यात जास्त वाद होतो, आणि तो होऊ द्यावा. डाव्या हाताची पाच बोटं पसरा: बोटं पाच, पण मधल्या फटी चार. तारखा मोजल्या तर जन्मतारीख आणि आजची तारीख दोन्ही धरल्या जातात आणि उत्तर ४,२२७ येतं. दोन तारखांमधलं अंतर मोजलं तर ४,२२६. वय म्हणजे उलटलेला काळ, म्हणजे फटी. म्हणून आपण जन्मदिवसाला शून्य म्हणतो, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बाळ एक दिवसाचं होतं.

पण ‘आज माझ्या आयुष्यातला कितवा दिवस आहे?’ असं कोणी विचारलं, तर ४,२२७वा हे उत्तर बरोबर आहे. प्रश्न ठरला की उत्तर ठरतं. हाच एकाचा घोळ पुढे नाडी मोजताना पुन्हा येणार आहे आणि तिथे तो फार महाग पडतो, म्हणून इथे वेळ गेला तरी हरकत नाही.

दिवसांचं उत्तर बरोबर आलंय हे मुलांना स्वतःला कसं कळेल?

वारावरून. ४,२२६ ला ७ ने भागलं की भागाकार ६०३ आणि बाकी ५ उरते. १४ ऑगस्ट २०१४ ला गुरुवार होता. गुरुवारच्या पुढे पाच वार मोजले की मंगळवार येतो, आणि १० मार्च २०२६ ला मंगळवारच आहे. वार जुळला नाही तर कुठेतरी चूक नक्की झाली. एकानं पुढे गेला तर बहुधा जन्माचा दिवस मोजलाय, तीननं मागे पडला तर या उदाहरणात लीप दिवस विसरलेत. मात्र वार जुळला म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही. नेमकी ७ किंवा १४ दिवसांची चूक असेल तर ती या चाळणीतून निसटते.

जन्माचा वार बऱ्याच मुलांना घरून कळतो. नाही कळला तर त्या वर्षाच्या कॅलेंडरमध्ये पाहावा. संगणक हाताशी असेल तर पायथनमध्ये दोन ओळींत पडताळा होतो:

```python
from datetime import date
print((date(2026, 3, 10) - date(2014, 8, 14)).days)
```

पडद्यावर `4226` दिसेल. हे हाताने गणित झाल्यावर करावं. आधी केलं तर मुलं उत्तराकडे बघून बेरीज जुळवतात.

२९ फेब्रुवारीला जन्मलेल्या मुलाचं काय?

त्याचं गणित उलट सोपं. २९ फेब्रुवारी २०१६ ते २९ फेब्रुवारी २०२४ ही आठ वर्षं, म्हणजे २,९२० अधिक २, एकूण २,९२२ दिवस. तिथून १ मार्च २०२४ पर्यंत १, १ मार्च २०२६ पर्यंत आणखी ७३०, आणि १० मार्चपर्यंत ९. एकूण ३,६६२. ‘तुझं वय अजून दोनच वर्षं’ ही थट्टा दिवसांपुढे टिकत नाही.

मुलांना हेही सांगून ठेवा की चारनं भाग जाणारं प्रत्येक वर्ष लीप नसतं. शतकाच्या वर्षाला ४०० ने भाग जावा लागतो. २००० लीप होतं, १९०० नव्हतं आणि २१०० नसेल. आजच्या मुलांपैकी काहींना २१०० साल दिसेलही, तेव्हा हा नियम त्यांच्या उपयोगी पडेल.

तासांसाठी जन्मवेळ लागते. ती माहीत नसेल तर?

आधी माहीत असलेलं उदाहरण करू. ४,२२६ × २४ = १,०१,४२४ तास. हे झाले १० मार्चच्या सकाळी ६:४० पर्यंतचे. गणित ११:१० ला केलं, म्हणून आणखी साडेचार तास. एकूण १,०१,४२८ तास ३० मिनिटं.

जन्मवेळ माहीत नसेल तर दुपारचे १२ धरावेत. खरी वेळ काहीही असो, चूक दोन्ही बाजूंना १२ तासांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. मग उत्तर लिहायचं ते असं: ‘अमुक तास, १२ तास इकडेतिकडे’. एक लाखात बारा म्हणजे फार नाही, पण तो आकडा उत्तराशेजारी दिसला पाहिजे. काही मुलांना जन्मतारीखही नक्की माहीत नसते. त्यांनी नोंदीतली तारीख घ्यावी. त्यावर वर्गात चौकशी करू नये.

मूल दुसऱ्या देशात, वेगळ्या प्रमाणवेळेत जन्मलेलं असेल तर जन्मवेळ आधी इथल्या वेळेत बदलून घ्यावी, नाहीतर काही तास फुकट वाढतात किंवा गळतात.

लाख तासांचा टप्पा या वयोगटाच्या अगदी मध्यावर येतो. एक लाख तास म्हणजे ४,१६६ दिवस आणि १६ तास, म्हणजे साधारण ११ वर्षं ५ महिने. आपल्या मुलीचे लाख तास ९ जानेवारी २०२६ च्या रात्री १०:४० ला भरले, आणि तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही. ज्यांचे अजून भरायचे आहेत त्यांना तो क्षण शोधून काढायला द्यावा. मागून पुढे गणित करायचं असल्यानं हा भाग चांगला अवघड आहे.

सेकंदांपर्यंत गेलो तर?

दिवसाला ८६,४०० ने गुणावं. एखादा चिकित्सक मुलगा लीप सेकंदांचं विचारेल. पृथ्वीचं फिरणं अणुघड्याळाइतकं एकसारखं नाही, म्हणून १९७२ पासून अधूनमधून घड्याळात एक सेकंद वाढवला गेला. आजवर असे २७ सेकंद वाढले, त्यातला शेवटचा ३१ डिसेंबर २०१६ ला. आपल्या मुलीच्या वाट्याला दोन आले: ३० जून २०१५ चा आणि हा. जन्मवेळ मिनिटापर्यंतच लिहिलेली असताना दोन सेकंदांना अर्थ नाही, पण मुलांना हे ऐकायला आवडतं.

नाडी कुठे आणि कशी मोजायची?

पाच मिनिटं शांत बसून झाल्यावर. मधल्या सुट्टीनंतर लगेच मोजायला घेतली तर सगळ्या वर्गाची नाडी चढलेली असते.

तळहात वर करून हात बाकावर ठेवायचा. अंगठ्याच्या मुळाखाली, मनगटाच्या बाहेरच्या कडेला हाड आणि शीर यांच्यामध्ये एक खळगा लागतो. तिथे दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवायचं. अंगठा नको, कारण अंगठ्यात स्वतःचे ठोके जाणवतात आणि कोणाचे मोजतोय ते कळत नाही. जोरात दाबलं तर रक्तवाहिनी चेपते आणि ठोका नाहीसाच होतो. ‘सापडत नाही’ म्हणणारी निम्मी मुलं दाबत असतात.

मानेवर मुलांना मोजायला लावू नये. तिथे दाब पडला तर चक्कर येऊ शकते. मनगटावर नाहीच लागली तर जाड कागदाची नळी करून मित्राच्या छातीला, शर्टावरूनच, लावायची आणि दुसऱ्या टोकाला कान. रने लाएनेक या फ्रेंच डॉक्टरनं १८१६ मध्ये कागदाच्या सुरळीतून असंच ऐकलं आणि त्यातूनच स्टेथोस्कोप आला. ऐकून मोजताना एकच काळजी: ‘लब’ आणि ‘डब’ असे दोन आवाज मिळून एक ठोका. कोणाची नाडी १७० आली की त्यानं बहुतेक दोन्ही मोजलेले असतात.

नाडी डोळ्यांना दाखवायची असेल तर मातीची छोटी गोळी करून तिच्यात काडी खोचा आणि गोळी त्या खळग्यावर ठेवा. हात स्थिर असला की काडीचं टोक प्रत्येक ठोक्याला किंचित लवतं.

१५ सेकंद मोजून चारनं गुणलं तर वेळ वाचतो. चालेल का?

नाडीचा अंदाज घ्यायला चालतं, इथे नको. समजा खरी नाडी मिनिटाला ८८ आहे. १५ सेकंदांत २२ ठोके पडतात. एखाद्या मुलानं एका ठोक्यावर घड्याळ सुरू केलं आणि त्याच ठोक्याला ‘एक’ म्हटलं, तर तो २३ वर पोचतो. चारनं गुणलं की ९२. ही तीच बोटं आणि फटींची चूक. सुरुवातीच्या ठोक्याला ‘शून्य’ म्हणायचं.

चार ठोक्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण आपल्या मुलीच्या आयुष्यात आजवर सुमारे ६१ लाख मिनिटं झाली आहेत. मिनिटाला चार ठोके चुकले की शेवटी जवळपास अडीच कोटी ठोके चुकतात. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचं, तीनदा मोजायचं आणि मधला आकडा घ्यायचा. एकानं घड्याळ पाहावं, दुसऱ्यानं मोजावं. स्वतःच घड्याळ पाहत मोजणाऱ्याचे ठोके सेकंदकाट्याच्या तालावर घसरतात. नाडी बरोबर ६० सांगणाऱ्या मुलाला पुन्हा मोजायला लावावं.

एका मुलाची नाडी कधी भरभर, कधी सावकाश लागतेय. घाबरायचं का?

बहुतेक वेळा नाही. श्वास आत घेताना नाडी थोडी वेगानं चालते आणि सोडताना मंदावते. मुलांमध्ये हे मोठ्यांपेक्षा ठळक जाणवतं आणि ते निरोगीपणाचंच आहे. मुलाला सावकाश श्वास घ्यायला सांगून तपासा: बदल श्वासाबरोबर होत असेल तर तीच गोष्ट. पूर्ण मिनिट मोजण्याचं हे आणखी एक कारण, नाहीतर १५ सेकंद नुसत्या उच्छ्वासात जाऊ शकतात.

मात्र शांत बसूनही नाडी फारच वेगळी लागत असेल, किंवा मुलाला धाप, चक्कर, छातीत दुखणं असं काही असेल, तर पालकांना एकट्याने गाठून सांगावं. निदान करणं हे वर्गाचं काम नाही. ज्या मुलाला हृदयाचा आजार आहे त्याला धावून नाडी मोजण्याच्या भागात ओढू नये. ‘सगळ्यात कमी नाडी कोणाची’ अशी स्पर्धाही लावू नये, मुलं श्वास रोखून बसतात.

आता मिनिटं गुणिले नाडी केलं की ठोके आले. बरोबर?

इथेच थांबायचं. ४,२२६ दिवसांची मिनिटं ६०,८५,४४०. मुलीची आजची नाडी ८८. गुणाकार ५३,५५,१८,७२०. फळ्यावर हा आकडा रुबाबदार दिसतो, पण तो खूप कमी आहे. ती मुलगी पहिल्या दिवसापासून ११ वर्षांची नव्हती.

बाळाचं हृदय लहान असतं. नवजात बाळाच्या एका ठोक्यात साधारण ५ मिलिलिटर रक्त बाहेर पडतं, मोठ्या माणसाच्या साधारण ७०. एवढ्याशा ठोक्यांवर वाढत्या शरीराला पुरवठा करायचा तर ठोके भरभरच पडायला हवेत. पहिल्या महिन्याच्या आसपास नाडी मिनिटाला १४५ च्या घरात असते आणि तिथून वर्षागणिक उतरत जाते. म्हणून आयुष्याचे तुकडे पाडायचे. खालच्या तक्त्यातली नाडी म्हणजे निरोगी मुलांच्या मधल्या आकड्यांजवळचे गोल आकडे आहेत.

| वय | दिवस | मिनिटाला ठोके | दिवस × ठोके |
|---|---|---|---|
| ० ते १ | ३६५ | १३५ | ४९,२७५ |
| १ ते २ | ३६६ | १२० | ४३,९२० |
| २ ते ४ | ७३० | १०५ | ७६,६५० |
| ४ ते ६ | ७३१ | १०० | ७३,१०० |
| ६ ते ८ | ७३० | ९० | ६५,७०० |
| ८ ते आज | १,३०४ | ८५ | १,१०,८४० |

दिवसांची बेरीज ४,२२६ आली का ते आधी पाहायचं. शेवटच्या स्तंभाची बेरीज ४,१९,४८५. दिवसाला १,४४० मिनिटं, म्हणून त्यानं गुणायचं: साधारण ६० कोटी ४० लाख. नुसत्या आजच्या नाडीनं आलेल्या उत्तरापेक्षा जवळपास सात कोटी जास्त. मोठ्या माणसाची ७२ ही पाठ असलेली नाडी वापरली असती तर ४४ कोटींवरच अडकलो असतो.

पहिलं वर्ष एकटंच बघा: दिवसांच्या हिशेबात ते अकरा भागांतला जेमतेम एक भाग, ठोक्यांच्या हिशेबात आठांतला एक.

पण मूल झोपतं, धावतं, तापानं फणफणतं. शांत बसून मोजलेली नाडी दिवसभराला कशी लागू होईल?

थेट लागू होत नाही. आपल्या मुलीची बसलेली नाडी ८८, आणि तक्त्यात शेवटच्या टप्प्याला ८५ घेतलेत. ते जुळतात का हे तिच्या एका दिवसावरून बघता येतं. झोपेत नाडी घरच्या मोठ्यांनी मोजली, ७० आली. जागेपणी बसण्या-चालण्याची सरासरी ९२ धरली, कारण नुसतं उभं राहिलं तरी ती चढते. पळापळीच्या खेळात १३०.

झोप १० तास, खेळ दीड तास, बाकी साडेबारा तास. १० × ७० = ७००, १२.५ × ९२ = १,१५०, १.५ × १३० = १९५. बेरीज २,०४५, भागिले २४, म्हणजे ८५ च्या किंचित वर. झोप आणि खेळ एकमेकांना बऱ्यापैकी भरून काढतात. मुलांना वाटतं खेळण्यानं आकडा खूप बदलेल. प्रत्यक्षात झोपेचे दहा तास जास्त भारी पडतात.

सगळ्यांनी हे करावंच असं नाही. ज्या मुलांनी तक्ता लवकर संपवला त्यांना घरचा अभ्यास म्हणून द्यावं. दिवसाच्या तासांची बेरीज २४ होते का हे मात्र तपासावं, उत्साहाच्या भरात ती २६ सुद्धा होते.

मग उत्तर ६०,४०,५८,४०० असं लिहायचं का?

नाही. गणितात तो आकडा येतो खरा, पण त्यातले मागचे सात आकडे निव्वळ गुणाकाराची कृपा आहे. तक्त्यातली नाडी मिनिटाला एकनं बदलली तरी उत्तर ६१ लाखांनी हलतं, आणि एका निरोगी मुलाची नाडी दुसऱ्यापेक्षा दहानं वेगळी असणं अगदी साधं आहे. शेकडा दहा इकडेतिकडे धरलं तर उत्तर ५४ ते ६६ कोटींच्या दरम्यान. वहीत लिहायचं ‘सुमारे ६० कोटी’, आणि कंसात ‘५४ ते ६६’.

मुलांना हे पटायला जड जातं. जास्त आकडे म्हणजे जास्त बरोबर, असं त्यांना गणिताच्या पेपरांनी शिकवलेलं असतं. माझा अनुभव असा की समजावण्यापेक्षा एक काम द्यावं: तक्त्यातली प्रत्येक नाडी पाचनं वाढवून सगळं पुन्हा करा. उत्तर तीन कोटींनी सरकतं, आणि शेवटच्या ‘५८,४००’ ची फिकीर कोणाला उरत नाही.

अंदाजानं काही सिद्ध होतं का?

हा प्रश्न मुलंच विचारतात, आणि त्याचं उत्तर १६२८ सालचं आहे. त्या काळी समज असा होता की यकृत अन्नापासून सतत नवं रक्त बनवतं आणि शरीर ते वापरून टाकतं. विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरनं गुणाकार केला: एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त गुणिले ठोके. दोन्ही आकडे त्यानं मुद्दाम कमी धरले. अर्ध्या तासात हजारच ठोके, म्हणजे मिनिटाला ३३! तरीही अर्ध्या तासात बाहेर पडणारं रक्त शरीरातल्या एकूण रक्ताहून जास्त भरलं. इतकं रक्त अन्नातून बनणं शक्यच नव्हतं, तेव्हा तेच रक्त फिरून येत असलं पाहिजे. आकडे ढोबळ होते, पण चूक कोणत्या बाजूला आहे हे त्याला ठाऊक होतं.

जन्माआधीचे ठोके कुठे गेले?

ते आपण मोजलेच नाहीत. गर्भधारणेनंतर साधारण तीन आठवड्यांनी हृदय हलू लागतं. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाचं हृदय जन्माआधी सुमारे ३५ आठवडे, म्हणजे २४५ दिवस चाललेलं असतं. मिनिटाला सरासरी १४० धरले तर २४५ × १,४४० × १४०, जवळपास ५ कोटी. वेळेआधी जन्मलेल्यांचे कमी. वय जन्मापासून मोजायचं तर ते वगळणं योग्य, ‘हृदयाचं वय’ हवं तर मिळवावेत. वहीत कोणतं घेतलं ते लिहावं.

ठोके आधीच ठरलेले असतात का? धावलं तर लवकर संपतात?

असा काही साठा नसतो. पण शंका गणितानंच सोडवता येते. नियमित व्यायामानं शांत असतानाची नाडी हळूहळू उतरते. एका मोठ्या माणसानं रोज अर्धा तास व्यायाम केला आणि त्या वेळी नाडी ७० ऐवजी १४० झाली, तर २,१०० ठोके जादा पडले. उरलेल्या साडेतेवीस तासांत नाडी तीनच ठोक्यांनी उतरली, तरी १,४१० मिनिटांत ४,२३० ठोके कमी झाले. म्हणजे धावूनही दिवसाचे एकूण ठोके घटले.

हा समज येतो तो प्राण्यांकडे पाहून. उंदराचं हृदय मिनिटाला सुमारे ६०० वेळा धडधडतं आणि तो दोनेक वर्षं जगतो: ६३ कोटींच्या आसपास. हत्तीचं साधारण ३० वेळा, आयुष्य साठेक वर्षं: ९५ कोटींच्या आसपास. आकारात एवढा फरक असून दोघे एकाच पट्ट्यात येतात. माणूस त्यात बसत नाही. मिनिटाला ७० आणि ७५ वर्षं धरली तर पावणेतीनशे कोटी होतात. आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या हृदयाचे अकराव्या वर्षीच एका उंदराच्या पूर्ण आयुष्याइतके ठोके होत आलेत.